तारीखबाई आणि स्ट्रिपच्या कडेवरचा आकडा

मंगळवार, ११ नोव्हेंबर. सकाळी हवा गार. चष्म्याची दांडी दुकानातून घट्ट करून आणली. दुपारी मेडिकलवाल्याचा निरोप आला, की भाची घेते त्या गोळ्यांचा एक बॅच कंपनीने परत मागवला आहे. भाचीला फोन केला. तिने स्ट्रिपचा फोटो पाठवला. मेडिकलवाल्याने तपासून सांगितलं, आपला बॅच तो नाही. हायसं वाटलं. चार वाजता खाली तारीखबाईंना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जायचं आहे.

एवढं लिहून मी पेनाला टोपण लावलं. दिवस संपला असं मला वाटलं होतं, पण तो खरा सुरू व्हायचा होता.

तारीखबाई आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांचं खरं नाव इथे फार थोड्यांना ठाऊक असेल. मोठ्या दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीत त्यांनी अडतीस वर्षं काढली. ती खिडकी म्हणजे लोखंडी गज, खाली अर्धगोल भोक, आणि आतून दोरीला बांधलेली कात्री. मी प्रथम तिथे उभी राहिले तेव्हा पातळ औषध बाटलीतून मिळायचं, आणि डोस कळावा म्हणून बाटलीवर कागदाची नक्षीदार कापलेली पट्टी चिकटवलेली असायची. त्या पट्ट्या तारीखबाई फावल्या वेळात एकसारख्या कापून ठेवायच्या. त्यांच्या खिडकीची एक रीत होती. गोळ्या हातात पडल्या तरी रांगेतून हलायचं नाही. त्या म्हणायच्या, "वाचा."

मग माणसाने स्ट्रिपच्या कडेवरची मुदतीची तारीख मोठ्याने वाचायची. ज्याला वाचता येत नसे त्याचं बोट धरून त्या आकड्यांवरून फिरवायच्या आणि स्वतः वाचून त्याच्याकडून वदवून घ्यायच्या. मागची रांग खोळंबायची. कोणीतरी हमखास ओरडायचं, "बाई, घरी जाऊन वाचतो की!" त्यावर बाई शांतपणे म्हणायच्या, "घरी गेल्यावर कोण वाचतं? घरी गेल्यावर माणूस झोपतो." आमच्या यजमानांना ही रीत भारी आवडायची. ते खिडकीशी जाऊन खणखणीत आवाजात तारीख म्हणायचे आणि पुढे जोडायचे, "आणि लग्नाची तारीख विचाराल तर ती मात्र हिला विचारा." मी त्यांना कोपराने ढोसायची. तारीखबाई गालातल्या गालात हसायच्या. ते नाव त्यांना रांगेनेच दिलं.

ही रीत कुठून आली ते त्यांनी मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. नोकरीचा पहिला आठवडा होता. कोणाला चार गोळ्या हव्या होत्या. बाईंनी कात्री घेतली आणि तारखेच्या बाजूनेच चार गोळ्या कापून दिल्या. मागे सहा गोळ्या राहिल्या, त्यांवर बॅच नाही, मुदत नाही, काही नाही. म्हाताऱ्या कंपाउंडरने ती सहाची तुकडी हातात घेऊन विचारलं, "ही कोण?" बाई तिच्या कडेवर आकडा शोधू लागल्या. "माणसाला नाव नसलं तरी चालेल," ते म्हणाले, "गोळीला नाव हवं." आणि त्या सहाही गोळ्या बाईंसमोर फोडून टाकाऊ औषधांच्या डब्यात टाकल्या. तेव्हापासून बाईंनी स्ट्रिप कायम दुसऱ्या टोकाकडून कापली, आणि घेणाऱ्यालाही तेच शिकवलं: खायची ती तिकडच्या टोकाकडून, तारखेच्या टोकाची गोळी शेवटी.

माझ्या यजमानांच्या हृदयाच्या गोळ्या अकरा वर्षं चालल्या. त्या अकरा वर्षांतल्या माझ्या डायऱ्या उघडल्या तर जागोजागी कागदाचे करडे तुकडे चिकटवलेले सापडतात. काही कंपन्या बॅच आणि तारखा शाईने छापत नाहीत, नुसत्या ठोकतात. चकाकत्या पत्र्यावर तो ठसा दिसता दिसत नाही. तशी स्ट्रिप आली की तारीखबाई पावतीचा मागचा कोरा भाग तिच्या कडेवर ठेवायच्या, बोटाने घट्ट दाबायच्या आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलकेच घासायच्या. कागद करडा व्हायचा आणि खोलगट आकडे त्यात पांढरे उमटायचे. "घ्या वहिनी, चिकटवा तुमच्या डायरीत." कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी आम्हाला पानाच्या उजव्या कोपऱ्यात आधी तारीख घालायला शिकवलं होतं, त्यामुळे मला हा उद्योग अगदी आपला वाटायचा. शेवटचा तुकडा यजमान गेले त्या महिन्यातला आहे. त्यावरची मुदत त्यांच्यानंतर सात महिन्यांनी संपणार होती. तारीखबाई तेव्हा घरी आल्या, उरलेल्या गोळ्या मागून घेतल्या आणि दवाखान्यात नष्ट करायला नेल्या. त्या कागदाच्या तुकड्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

आता त्या निवृत्त होऊन बारा वर्षं झाली आहेत, आणि डोळ्यांनी दगा दिला आहे. कडेचं दिसतं, नेमकं मधलं जातं. समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, कान दिसतात. "तुमचे कान अजून तरुण आहेत हो वहिनी," असं त्या मला महिन्यातून एकदा तरी सांगतात. म्हणून रोज चार वाजता मी वर्तमानपत्र घेऊन खाली जाते.

त्या दिवशी मी पान उघडायच्या आधीच फोटोची गोष्ट सांगून टाकली. बरी बातमी पोटात राहत नाही. भाचीचंही सांगायला हवं. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, बहीण गेल्यापासून माझीच. इथून चार तासांवरच्या गावात शाळेत शिकवते, शाळेच्याच खोलीत राहते, स्कूटरवर फिरते. तिला चौदाव्या वर्षी फिट्स सुरू झाल्या. सकाळी एक आणि रात्री आठला एक, अशा गोळ्या ती घेते, आणि चार वर्षांत एकही फिट आलेली नाही. सुट्टीत आली तेव्हा तिने इथल्याच दुकानातून दहा स्ट्रिप नेल्या होत्या.

"काय झालंय त्या बॅचला?" तारीखबाईंनी विचारलं.

"काही गोळ्यांत औषध कमी भरलं गेलंय म्हणे."

त्या सावरून बसल्या. "फिटच्या गोळीत? आणि आपला बॅच तो नाही, हे कोणी सांगितलं?"

"मेडिकलवाल्याने. त्याच्या फोनमध्ये आता सोय आहे, फोटो दाखवला की बॅच, बनवल्याची तारीख, मुदत, सगळं वाचतो."

"कोणता बॅच वाचला?"

तो मी विचारलाच नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी म्हाताऱ्या कंपाउंडरसमोर त्यांची काय गत झाली असेल ते मला कळलं.

"लावा त्याला फोन," त्या म्हणाल्या.

मेडिकलवाला आता चाळिशीचा आहे, पोट सुटलंय, दुकानात दोन माणसं ठेवलीत. पण शिकाऊ असताना तो तारीखबाईंच्या खिडकीत होता, त्यामुळे त्यांचा आवाज ऐकला की अजूनही उभा राहून बोलतो.

"मॅडम, पहिल्या फोटोत फोनने काहीतरी भलताच लांबलचक नंबर दिला..."

"रंगीत शाईतला? औषधाच्या नावाच्या खाली?"

"हो, तोच."

"अरे, तो कारखान्याच्या परवान्याचा नंबर! तो त्यांच्या सगळ्या स्ट्रिपवर तोच असतो. पाकिटाबरोबर आधीच छापून येतो. बॅच नंतर ठोकतात, कडेवर."

"कळलं ना मला ते. म्हणून दुसरा फोटो मागवला कडेचा. त्यात बी एम चाळीस सत्त्याऐंशी. परत मागवलाय तो चाळीस सदतीस. म्हणजे आपला नाही."

"फोनने स्वच्छ सत्त्याऐंशी वाचलं?"

"तिसऱ्या आकड्याखाली शंकेची पिवळी रेघ आली होती, तीन किंवा आठ अशी. पण मी बिल काढून बघितलं मॅडम. बिलावर सत्त्याऐंशी आहे. म्हणून आठ धरला."

"दहाही स्ट्रिपचा बॅच बघून बिल केलंस?"

त्याचा आवाज पडला. "पहिल्या स्ट्रिपचा घातला. आणि पुढे दहा टाकले."

"आणि खोका एकच होता?"

"नाही आठवत."

"शिकवलं होतं मी तुला," तारीखबाई म्हणाल्या. रागावून नव्हे, दमून.

मी माझ्या फोनवर तो दुसरा फोटो काढला. स्ट्रिप भाचीने पर्समध्ये दुमडून ठेवली होती, दहांतली शेवटची, चार गोळ्या उरलेल्या. वापरलेला भाग तिने फाडून टाकला होता; पण लहानपणी मावशीबरोबर त्या खिडकीशी उभी राहिलेली मुलगी ती, त्यामुळे तारखेचं टोक जसंच्या तसं होतं. फक्त घडी नेमकी बॅचच्या आकड्यावरून गेली होती, आणि फ्लॅशने अर्धी कड पांढरी झाली होती.

तारीखबाईंनी फोन हातात घेतला आणि सवयीने अंगठ्याने चाचपला. चित्र एकदम मोठं झालं, मग उलटं झालं, मग गायब झालं आणि तिथे माझ्या भाचीच्या वर्गाचं स्नेहसंमेलन आलं.

"मेली काच गुळगुळीत," त्या पुटपुटल्या. "हिच्यावर बोट फिरवून काय कळणार? वहिनी, तुम्हीच माझे डोळे व्हा. तारखा काय आहेत?"

मी चष्मा वर-खाली करून वाचलं. "बनवल्याची ऑगस्ट दोन हजार चोवीस. मुदत जुलै दोन हजार सव्वीस."

"दोन वर्षांची मुदत, म्हणजे तारखा बरोबर वाचल्यात. मेडिकलवाल्या, ऐकतोयस ना? कंपनीच्या पत्रात काय तारखा आहेत?"

"त्याच, मॅडम."

मी चष्मा काढला. "म्हणजे तोच बॅच?"

"छे. एका महिन्यात कंपनी कितीतरी बॅच काढते. तारीख जुळली म्हणून बॅच जुळला असं नसतं, आणि नाही जुळली तर मात्र नक्की नसतो. आपलं घोडं त्या एका आकड्यावर अडलंय. भाचीला लावा."

घड्याळात साडेपाच झाले होते. आठला तिची गोळी होती. भाची शाळेतून नुकतीच खोलीवर आली होती.

"मावशी, अगं सांगितलं ना त्यांनी दुपारी, नाही म्हणून?"

"तारीखबाई विचारतायत."

"त्या? बाई गं!" आणि आवाजात सात वर्षांची मुलगी आली. "सांगा ना बाई, काय करू?"

"फ्लॅश बंद कर. स्ट्रिप गडद कापडावर ठेव. दिवा वरून नको, बाजूला आडवा धर, टेबलाला जवळजवळ टेकवून. म्हणजे खळग्यांत सावली पडेल. फोन बरोबर वर, तिरका नको."

तिसरा फोटो आला. तारखा आता पाटीवर लिहिल्यासारख्या दिसत होत्या. पण बॅचच्या तिसऱ्या आकड्यात घडीचीही सावली पडली होती. मी डोळे फाडून बघितलं. एकदा इंग्रजी तीन दिसे, एकदा आठ. मेडिकलवाल्याच्या फोनने यावेळी नि:शंक आठ म्हटलं.

"तो घडीची रेघसुद्धा आकड्यात धरतो," तारीखबाई म्हणाल्या. "त्याचा काय दोष, त्याला घडी काय ठाऊक. पोरी, तुझ्याकडे पेन्सिल आहे?"

"मी मास्तरीण आहे, बाई. माझ्याकडे पेन्सिलींशिवाय काही नाही."

"मग पातळ कागद घे. स्ट्रिप सपाट टेबलावर, आकडे सुलटे वाचता येतात ती बाजू वर. उलट्या बाजूने केलंस तर आरशातल्यासारखे येतील. कागद हलू देऊ नकोस. पेन्सिल आडवी. जोर नाही लावायचा, मांजरावरून हात फिरवतो तसं."

आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. त्यांची बोटं टेबलावरच्या मेणकापडावर आपोआप पुढे-मागे होत होती. मला ती खिडकी दिसत होती, दोरीची कात्री, माझे यजमान टोपी हातात घेऊन उभे. किती वर्षांनी कोणीतरी कुठेतरी तो कागद घासत होतं, आणि ते आमच्याच घरातलं माणूस होतं.

फोटो आला. करड्या कागदावर पांढरे आकडे. घडी त्यात एक सरळ बारीक रेघ म्हणून वेगळी दिसत होती, फुटपट्टीने ओढल्यासारखी.

"आता घाईने वाचू नका वहिनी," तारीखबाई म्हणाल्या. "आधी बनवल्याच्या तारखेतला आठ बघा, ऑगस्टचा. तो नक्की आठ आहे. त्याची डावी बाजू कशी आहे?"

"वरही बंद, खालीही बंद. गोल."

"आता बॅचमधला तिसरा. तीच ठोकणी, तोच साचा, आठ असेल तर अगदी तसाच हवा. त्याची डावी बाजू?"

मी भिंग घेतलं. फोन टेबलावर ठेवला. घडीची रेघ डाव्या अंगाने गेली होती, पण ती आकड्याला चिकटलेली नव्हती. मध्ये करडी पट्टी होती.

"उघडी," मी म्हटलं. "वरही उघडी, खालीही."

"तीन," तारीखबाई म्हणाल्या.

फोनवर भाची हळू आवाजात म्हणाली, "मावशी, रागावू नकोस. आठेक दिवस झाले, सकाळी डावा हात आपोआप झटका मारतो. कप पडला परवा. मला वाटलं पेपर तपासून दमलेय."

तारीखबाईंनी विचारलं, "स्कूटर चालवलीस आज?"

"हो."

"उद्या नाही चालवायची. आणि आठच्या गोळीचं स्वतःच्या मनाने काही ठरवू नकोस. ती बंदही करायची नाही. आधी डॉक्टरांना फोन कर."

डॉक्टर दहा मिनिटांत मिळाल्या. त्यांचं म्हणणं भाचीने आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. डोस एकही चुकवायचा नाही; तीच गोळी दुसऱ्या बॅचची मिळवायची आणि आज रात्री ती घ्यायची; अगदी नाहीच मिळाली तर हातातली घ्यायची, उपाशी राहण्यापेक्षा अर्धपोटी बरं; वाहन बंद, एकटं आंघोळीला जाऊन कडी लावायची नाही, आणि दोन दिवसांत येऊन भेटायचं.

तिच्या गावातल्या दवाखान्याचं दुकान साडेसातला बंद व्हायचं. शेजारच्या खोलीतल्या शिक्षिकेबरोबर ती चालत गेली. आम्ही दोघी खाली तशाच बसलो. मध्ये मेडिकलवाल्याचा फोन येऊन गेला. त्याने त्या दिवसांतली सगळी बिलं काढली होती, त्या गोळ्या नेलेल्या आणखी सहा घरांत तो स्वतः जाऊन स्ट्रिप बघणार होता. "फोटो नको," तो म्हणाला, "हातात घेऊन बघतो, मॅडम." "पेन्सिल घेऊन जा," तारीखबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "पोरगं वाईट नाही. घाई वाईट." मग थोड्या वेळाने, "माझ्याकडूनही कापली गेली होती ना, चुकीच्या टोकाने."

सात वाजून वीस मिनिटांनी भाचीचा आवाज आला. मागे रस्त्याची वर्दळ होती.

"मिळाली, मावशी."

"द्या इकडे," तारीखबाईंनी फोन ओढून घेतला. तोंडाशी उलटा धरला, मी सुलटा करून दिला. त्यांनी घसा साफ केला आणि अडतीस वर्षांचा तो एकच शब्द म्हणाल्या.

"वाचा."

भाची भर रस्त्यात, दुकानाच्या पायरीवर उभी राहून मोठ्याने वाचू लागली. "बॅच बी एम एक्केचाळीस बावन्न. बनवल्याची तारीख जानेवारी दोन हजार पंचवीस. मुदत डिसेंबर दोन हजार सव्वीस." मग जरा थांबून, "कुठल्या टोकाची गोळी शेवटी, तेही सांगू का बाई?"

"सांग."

"तारखेच्या."

तारीखबाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होते आणि भरले होते. तेवढ्यात आम्हाला दोघींनाही करपल्याचा वास आला.

आठ वाजून दोन मिनिटांनी भाचीने गोळी घेतल्याचं कळवलं. तो पेन्सिलीचा कागद तिने जपून ठेवला आहे, येताना आणणार आहे. डायरीत त्याच्यासाठी जागा सोडली. त्याखाली त्या दिवसाची शेवटची ओळ अशी आहे:

तारीखबाईंचं दूध उतू गेलं, पातेलं भिजत घातलं. माझ्यातलं अर्धा लिटर त्यांना दिलं, उद्या दूधवाल्याला दीड लिटर सांगायचं.